अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज : वडिलांना सहअर्जदार घेऊन अर्ज कसा करावा आणि कोणती कागदपत्रे लावावीत

बारावीनंतर सीईटी होते, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालय मिळते आणि जागा निश्चित करण्यासाठी हातात चार-पाच दिवस असतात. बहुतेक घरांत बँकेची आठवण नेमकी तेव्हा होते. शैक्षणिक कर्जासाठी लागणारी कागदपत्रे मात्र चार दिवसांत जमत नाहीत, आणि सर्वांत जास्त वेळ लागतो तो विद्यार्थ्याच्या नव्हे, तर वडिलांच्या कागदपत्रांना. हा लेख भारतात शिकण्यासाठी सरकारी बँकेतून, भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या धर्तीवर घेतल्या जाणाऱ्या कर्जापुरता आहे. खासगी वित्तसंस्थांचे नियम आणि परदेशी शिक्षणाचे कर्ज यांची वाट वेगळी आहे.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. बार्शीचे एक कुटुंब आहे असे समजू. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान आहे, आई गृहिणी आहे आणि मुलाला पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. वडील प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५ लाख ६० हजार रुपये आहे.

सहअर्जदार म्हणजे कोण, हे आधी समजून घ्यावे

बँकेत पालक पुष्कळदा म्हणतात, "मुलाचे कर्ज आहे, मी फक्त सही करायला आलो आहे." ही समजूत चुकीची आहे. सहअर्जदार हा साक्षीदार नसतो आणि जामीनदारही नसतो, तो मुलाच्या बरोबरीचा कर्जदार असतो. कर्ज मंजूर झाल्यावर त्याची नोंद मुलाच्या आणि वडिलांच्या, अशा दोघांच्याही पतअहवालात होते. मुलाने हप्ते थकवले तर वडिलांचा सिबिल गुणांकही घसरतो, आणि दोन वर्षांनी वडिलांनी दुकानासाठी कर्ज मागितले तर हे देणे त्यांच्या नावावर धरूनच बँक हिशेब करते. म्हणून बँक कागदपत्रे मागते ती दोन संचांत. विद्यार्थ्याच्या संचावरून प्रवेश खरा आहे हे पाहिले जाते आणि पालकाच्या संचावरून परतफेडीची ऐपत व सवय पाहिली जाते.

सहअर्जदार वडीलच असावेत असे बंधन नाही. आई चालते, दोघे मिळून चालतात, आणि आईवडील नसतील तर पालक म्हणून सांभाळ करणारी व्यक्ती चालते. आईला स्वतःचे उत्पन्न नसेल तर तिचे नाव अर्जावर येऊ शकते, पण ऐपतीच्या हिशेबात त्याने भर पडत नाही. वडिलांचा पतअहवाल बिघडलेला असेल आणि आई नोकरीत असेल, तर आईलाच सहअर्जदार घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. हा निर्णय अर्ज भरण्यापूर्वी व्हायला हवा, कारण मंजुरीच्या टप्प्यावर सहअर्जदार बदलणे म्हणजे जवळजवळ नवा अर्ज करणे होय.

पहिली पायरी : रक्कम ठरवावी

कोणती कागदपत्रे लागतील हे कर्जाच्या रकमेवर ठरते, म्हणून यादी जमवण्याआधी खर्चाचा तक्ता करावा. आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. ४ लाखांच्या पुढे भारतातील शिक्षणासाठी खर्चाच्या ५ टक्के वाटा, ज्याला बँकेत मार्जिन म्हणतात, कुटुंबाने घालायचा असतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या पतहमी निधीचे संरक्षण मिळू शकते, आणि ते घेतले की तारण किंवा तिसऱ्या व्यक्तीचा जामीन मागितला जात नाही. साडेसात लाखांच्या वर गेल्यास योजनेनुसार घर, भूखंड, मुदत ठेव किंवा तत्सम तारण द्यावे लागते. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतील संस्था आणि काही बँकांच्या नामवंत संस्थांसाठीच्या खास योजना याला अपवाद आहेत. एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. पतहमी बँकेचे नुकसान भरून काढण्यासाठी असते, कुटुंबाचे देणे माफ करण्यासाठी नसते.

आता बार्शीच्या कुटुंबाचा तक्ता पाहू. शिकवणी शुल्क वर्षाला १ लाख ३० हजार आणि विकास शुल्क १५ हजार, म्हणजे चार वर्षांचे ५ लाख ८० हजार. वसतिगृह आणि खानावळ वर्षाला ८० हजार, म्हणजे ३ लाख २० हजार. परीक्षा शुल्क वर्षाला ८ हजार, म्हणजे ३२ हजार. लॅपटॉप आणि पुस्तके मिळून एकदाच ७० हजार. एकूण खर्च १० लाख २ हजार रुपये होतो. वडिलांनी हा आकडा तसाच अर्जात लिहिला, तर ५ टक्के मार्जिन वजा जाऊनही कर्ज साडेनऊ लाखांच्या आसपास जाईल आणि तारणाची संपूर्ण यादी मागे लागेल.

परंतु हा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला आहे, विद्यार्थी खुल्या प्रवर्गातील आणि महाराष्ट्राचा अधिवासी आहे, आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. त्यामुळे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून, इतर अटी पूर्ण होत असल्यास, शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. वर्षाला ६५ हजार, म्हणजे चार वर्षांचे २ लाख ६० हजार वजा केले की ७ लाख ४२ हजार उरतात. आदर्श योजनेत शिष्यवृत्तीची रक्कम मार्जिनमध्ये धरण्याची तरतूद आहे, म्हणून वेगळा वाटा न घालता एवढेच कर्ज मागता येते, आणि ते साडेसात लाखांच्या आत बसते. एका शिष्यवृत्तीमुळे घराच्या खरेदीखतापासून वकिलाच्या शोध अहवालापर्यंतची सारी कागदपत्रे टळली. (मुलगी असती आणि कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गात मोडत असते, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळून कर्ज आणखी कमी झाले असते.)

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. बार्शीच्या उदाहरणात साडेसात लाखांच्या मर्यादेपर्यंत फक्त ८ हजार रुपये शिल्लक आहेत. मंजुरीच्या वेळी बँक विद्यार्थ्याचा विमा सुचवते आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवते. तो हप्ता १५ हजार असला तर कर्ज ७ लाख ५७ हजार होऊन मर्यादा ओलांडते. विमा घ्यायचाच असेल तर त्याचा हप्ता खिशातून भरावा, किंवा लॅपटॉपची रक्कम कमी करावी.

दुसरी पायरी : कोणती सवलत घ्यायची ते ठरवावे

व्याजाच्या सवलतीच्या योजना उत्पन्नावर चालतात. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज शासन भरते. बार्शीचे कुटुंब यात बसत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र ती केवळ निवडक संस्थांसाठी आहे, आणि दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीचा किंवा व्याज अनुदानाचा लाभ घेणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणजे आपले महाविद्यालय त्या यादीत असले तरी शुल्कातील निम्मी सवलत आणि ३ टक्के व्याजसवलत ही दोन्ही एकदम पदरात पडणार नाहीत. २ लाख ६० हजारांची शिष्यवृत्ती समोर असताना या कुटुंबाने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : विद्यार्थ्याचा संच

हा संच सोपा आहे. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, सीईटीचे गुणपत्रक, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे जागावाटप पत्र, प्रवेश निश्चित झाल्याची पावती, आधार, पॅन, छायाचित्रे आणि महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र. बारावी आणि प्रवेश यांच्यामध्ये एखादे वर्ष रिकामे गेले असेल तर त्या काळात काय केले हे सांगणारे प्रतिज्ञापत्रही लावावे लागते.

यातील सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र महाविद्यालयाने द्यायचा असतो, तो म्हणजे शुल्करचनेचे पत्र. संकेतस्थळावरच्या तक्त्याची छापील प्रत बँक स्वीकारत नाही. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, विद्यार्थ्याच्या नावाने, चारही वर्षांचे शुल्क वर्षनिहाय आणि बाबनिहाय दाखवणारे, प्राचार्य किंवा निबंधकांची सही-शिक्का असलेले पत्र लागते, आणि त्यातच महाविद्यालयाच्या बँक खात्याचा क्रमांक व आयएफएससी असावा, कारण कर्जाची रक्कम विद्यार्थ्याच्या हातात न पडता थेट त्या खात्यात जाते. वसतिगृहाचे पत्र वेगळे मागून घ्यावे. मुलगा खासगी खोलीत राहणार असेल तर त्या भाड्यासाठी बँक किती रक्कम धरते हे शाखेत आधी विचारावे. कार्यालयातून बहुधा फक्त पहिल्या वर्षाचे पत्र हाती पडते. ते घेऊन बार्शीला परतलेला पालक चार दिवसांनी पुन्हा पुण्याची बस धरतो, म्हणून खिडकीवरून हलण्यापूर्वी चार वर्षे मोजून घ्यावीत.

नावांच्या फरकाचा घोळ आपल्याकडे विशेष असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते, पॅनवर स्वतःचे नाव आधी असते, आणि आधारवर वडिलांच्या नावाला कोठे 'राव' जोडलेले असते तर कोठे नसते. क्रम उलटा असण्याला बँक हरकत घेत नाही, अक्षरे वेगळी असली की घेते. विद्यार्थ्याचे आधार दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्यावे आणि पॅन त्यानंतर काढावे. वडिलांच्या कागदांत फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते, पण आधार आणि पॅन यांतच फरक असेल तर एक दुरुस्त केल्याखेरीज बँकेच्या संगणकावर पडताळणी पुढे सरकत नाही.

मुलाचे वयही पाहावे. ऑगस्टमध्ये प्रवेश घेणारी काही मुले अठराला दोन-तीन महिने कमी असतात. अशा वेळी करारावर वडील सही करतात, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याने कर्ज मान्य असल्याचे पत्र बँकेत द्यायचे असते. हे पत्र विसरले गेले की दुसऱ्या वर्षाची कर्जाची रक्कम अडते.

चौथी पायरी : वडिलांचा संच

ओळख आणि पत्त्यासाठी आधार, पॅन, वीजबिल किंवा शिधापत्रिका, आणि छायाचित्रे. ऐपतीसाठी काय लागते ते व्यवसायावर अवलंबून असते. नोकरदार वडिलांना शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि पगाराच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा पुरतो. शेतकरी वडिलांना सातबारा, आठ-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. बार्शीच्या वडिलांप्रमाणे धंदा असेल तर शेवटच्या दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, त्यांच्यासोबत उत्पन्नाची गणना, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक, धंद्याचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना, आणि दुकानाच्या खात्याचा सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा उतारा लागतो. याशिवाय चालू कर्जांचे उतारे आणि बँकेच्या नमुन्यातील मालमत्ता व देणी यांचे विवरण भरून द्यायचे असते.

विवरणपत्राची केवळ पोचपावती नेणे ही नेहमीची चूक आहे. पोचपावतीवर एकच आकडा असतो. तो आकडा कसा आला हे गणनेच्या पानांवर असते, म्हणून बँक ती पाने मागते. दोन्ही वर्षांची विवरणपत्रे एकाच आठवड्यात, कर्जासाठी धावपळ करताना भरलेली असली, तर तारखा पाहूनच अधिकारी सावध होतो. त्यात बेकायदेशीर काही नसले तरी त्या उत्पन्नावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि मग खात्याचे उतारे अधिक बारकाईने तपासले जातात.

सर्वांत अवघड जागा मात्र दुसरीच आहे. शिष्यवृत्ती आणि व्याज अनुदान यांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो कमी असावा असे कुटुंबाला वाटते. कर्जाच्या ऐपतीसाठी विवरणपत्र लागते आणि ते जास्त असावे असे वाटते. मग एकाच फाइलमध्ये तहसीलदारांचा दाखला १ लाख २० हजारांचा आणि विवरणपत्र ५ लाख ६० हजारांचे, अशी दोन पाने शेजारी शेजारी येतात. एक कागद खोटा आहे हे सांगायला बँकेला तपासाचीही गरज उरत नाही. अशी फाइल बाजूला पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्जही धोक्यात येतो. बार्शीच्या कुटुंबाने दाखला ५ लाख ६० हजारांचाच काढावा. शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख आहे, त्यामुळे खरा आकडा लिहून त्यांचे काहीच बिघडत नाही. दाखला 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागता येतो. प्रवेशाच्या हंगामात तेथे गर्दी उसळते, म्हणून निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच अर्ज टाकावा.

पाचवी पायरी : सिबिल अहवाल आपणच आधी पाहावा

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा संपूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. वडिलांनी तो अर्जापूर्वी काढून पूर्ण वाचावा. नुसता गुणांक पाहून थांबू नये, कारण बँक खालच्या नोंदी वाचते. तीन प्रकारच्या नोंदी वारंवार आढळतात. पहिली, सोनेतारण कर्ज फेडून वर्ष झाले तरी अहवालात ते चालूच दिसते. दुसरी, जुन्या क्रेडिट कार्डाचा वाद तडजोडीने मिटवलेला असतो आणि तेथे 'सेटल्ड' असा शेरा असतो. तिसरी, भावकीतल्या कोणाच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन राहिलेले असतात आणि ते कर्ज थकलेले असते, हे वडिलांना स्वतःलाही ठाऊक नसते.

पहिला दोष सहज सुटतो. त्या संस्थेकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्यावे आणि पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. दुसऱ्या दोषात उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' असा शेरा करून घेता येतो, पण जुन्या विलंबाच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. तिसऱ्या दोषावर झटपट उपाय नाही. अशा वेळी आईला किंवा मिळवत्या थोरल्या भावाला घेता येते का, हे शाखेत विचारावे. ३० दिवसांचा हा हिशेब पाहिला म्हणजे अहवाल एप्रिल-मेमध्येच का काढावा ते लक्षात येईल.

सहावी पायरी : अर्ज

अर्ज शाखेत देता येतो किंवा `pmvidyalaxmi.co.in` या संकेतस्थळावरून करता येतो. ऑनलाइन अर्ज भरला तरी मूळ कागद दाखवण्यासाठी दोघांनाही शाखेत जावे लागतेच. शाखा निवडताना सामान्यतः वडिलांच्या राहत्या पत्त्याजवळची शाखा घ्यावी. पुण्यातील महाविद्यालयाजवळच्या शाखेत गेल्यास ती बार्शीला परत पाठवण्याचीच शक्यता अधिक, कारण पत्त्याची आणि दुकानाची पाहणी तेथूनच होणार असते. वडिलांचे दुकानाचे खाते जेथे आहे ती शाखा असेल तर उत्तमच.

अर्जातील आकडे आणि जोडलेले कागद यांचा मेळ हवा. उत्पन्नाच्या रकान्यात विवरणपत्रातील आकडा लिहावा. खर्चाच्या रकान्यात शुल्कपत्रातील बाबी त्याच क्रमाने लिहाव्यात आणि शिष्यवृत्ती वेगळ्या ओळीत वजा दाखवावी. लॅपटॉप व पुस्तकांना बँका मर्यादा घालतात, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेलाही एकूण शिकवणी शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. आपली इतर कर्जे लपवू नयेत, ती सिबिलमध्ये दिसतातच. अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्यावी. ऑनलाइन असेल तर अर्जक्रमांक टिपून ठेवावा.

जागा निश्चित करण्याचे पहिले शुल्क मात्र कर्जाच्या भरवशावर ठेवू नये, कारण त्या मुदतीत मंजुरी येत नाही. ते स्वतः भरून पावत्या जपून ठेवाव्यात आणि भरलेली रक्कम कर्जातून परत मिळेल का, हे अर्ज देतानाच विचारून घ्यावे.

सातवी पायरी : मंजुरीपत्र आणि करार

मंजुरी आली की मंजुरीपत्रासोबत मुख्य तथ्य विवरण, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट', मागून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ते देणे बँकांना बंधनकारक आहे. त्यात व्याजदर, सर्व आकार आणि एकूण द्यावी लागणारी रक्कम एकत्र लिहिलेली असते. त्यावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : मंजूर रक्कम, विम्याचा हप्ता त्यात मिळवला आहे का, व्याजदर बदलता आहे का, आणि हप्ते कधी सुरू होणार. आदर्श योजनेत भारतातील शिक्षणासाठी प्रक्रिया शुल्क नसते. ते लावलेले दिसले तर कारण विचारावे.

हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात आणि परतफेडीसाठी कमाल १५ वर्षे मिळतात. मधल्या काळात व्याज मात्र थांबत नाही. ते सरळव्याजाने साठत राहते. बार्शीच्या कर्जावर समजण्यापुरता १० टक्के दर धरू. पहिल्या वर्षी २ लाख ३८ हजार आणि पुढे दरवर्षी १ लाख ६८ हजार उचलले, तर पाच वर्षांच्या अखेरीस साधारण २ लाख ७० हजार रुपये व्याज जमते आणि हप्ते १० लाख १२ हजारांवर सुरू होतात. वडिलांना शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला दोन हजारांच्या आसपास असते आणि चौथ्या वर्षी सहा हजारांच्या थोडे वर जाते. असे नियमित व्याज भरणाऱ्यास व्याजदरात १ टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे, ती मंजुरीपत्रात लिहून आली आहे का ते पाहावे. वडील प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असतील तर त्यांनी भरलेल्या व्याजाची वजावट त्यांना मिळते, ती व्याज भरू लागल्यापासून आठ वर्षांपर्यंत. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

करारावर विद्यार्थी आणि वडील या दोघांच्याही सह्या प्रत्येक पानावर लागतात, म्हणून मुलगा पुण्यात रुजू होण्यापूर्वीच हे काम उरकावे. कोऱ्या जागा भरल्याखेरीज सही करू नये आणि कराराची प्रत मागून घ्यावी.

अर्ज नाकारला गेला तर

तोंडी नकारावर घरी परतू नये. नकाराचे कारण लेखी मागावे, कारण लेखी कारणावरच पुढचे सारे अवलंबून असते. सिबिल हे कारण असेल तर सहअर्जदार बदलून पुन्हा अर्ज करता येतो. रक्कम हे कारण असेल तर तक्ता कमी करता येतो. कारणच दिले जात नसेल किंवा साडेसात लाखांच्या आतल्या कर्जाला तारण मागितले जात असेल, तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` येथे विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. प्रवेशाची मुदत लोकपालाच्या निर्णयासाठी थांबत नाही, हे खरे आहे. म्हणून तक्रार करतानाच दुसऱ्या बँकेत अर्ज द्यावा, कागदपत्रांचा तोच संच तेथेही चालतो.

पुढची तीन वर्षे

पहिल्या वर्षाची रक्कम महाविद्यालयात जमा झाली की फाइल बंद झाली असे पालक समजतात. दुसऱ्या वर्षी बँक आपण होऊन पैसे पाठवत नाही. दरवर्षी मागच्या वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाचे शुल्काचे मागणीपत्र आणि आधीच्या रकमेच्या पावत्या घेऊन जावे लागते. एखादा विषय राहिला म्हणून बँकेकडून येणारी रक्कम लगेच बंद होत नाही, पण विद्यार्थी पुढच्या वर्षात जाण्यास पात्र आहे असे महाविद्यालयाचे पत्र लागते. वर्ष वाया गेले तर ते बँकेला लगेच लेखी कळवून मुदत वाढवून घ्यावी, नाहीतर संगणकावरील जुन्या तारखेनुसार हप्ते सुरू होतात आणि मुलगा अजून शिकत असतानाच वडिलांच्या अहवालात थकबाकी दिसू लागते. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, तोवर महाविद्यालय पूर्ण शुल्क मागू शकते. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून निम्मेच शुल्क घेतले जाईल का, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी विचारून ठेवावे, आणि नंतर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यात आली तर ती कर्जखात्यात भरून त्याची पावती त्याच फाइलमध्ये लावावी.